मदत हवी आहे: स्क्रीनिंगने सर्व्हायव्हल वाढलं असं पेपर म्हणतो, तरी तो पुरावा का धरत नाहीत?

मृण्मयी_पीएसएम

नमस्कार मंडळी. मी पीएसएमला दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात जर्नल क्लबला न्यू इंग्लंड जर्नलमधला २००६ चा आय-एलकॅपचा पेपर मांडायचा आहे. ३१,५६७ जणांचे लो-डोस सीटी स्कॅन केले, त्यांच्यापैकी ४८४ जणांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. त्यातले ४१२ पहिल्या स्टेजचे. या ४१२ जणांचं दहा वर्षांचं सर्व्हायव्हल ८८ टक्के येईल असा अंदाज दिला आहे. एरवी आपल्या ओपीडीत येणारा फुप्फुसाचा कॅन्सर कसा असतो हे आठवलं की हा आकडा अफाट वाटतो.

आमच्या मॅडम म्हणाल्या, "यातून स्क्रीनिंगने जीव वाचतो हे सिद्ध होत नाही, का ते तू शोधून सांग." लीड टाईम आणि ओव्हरडायग्नोसिस ही उत्तरं मला परीक्षेपुरती येतात. पण समोर खरा पेपर असताना यातलं नेमकं काय घडलंय हे कसं ओळखायचं? आणि दोन्हींत फरक कसा करायचा? कुणी आकड्यांनिशी समजावून सांगेल का?

डॉ_सह्याद्री

मृण्मयी, मी छातीरोगतज्ज्ञ आहे, वीस-बावीस वर्षं हेच पेशंट बघतोय. लीड टाईमचा मुद्दा सरळ आहे. एक माणूस सत्तराव्या वर्षी या कॅन्सरने जाणार आहे. खोकल्यातून रक्त आलं म्हणून ६७ व्या वर्षी निदान झालं तर तो तीन वर्षं जगला, म्हणजे पाच वर्षांच्या हिशोबात नापास. त्याचाच ६२ व्या वर्षी स्कॅन झाला असता तर तो आठ वर्षं जगला असं धरलं असतं, म्हणजे पास. मृत्यूची तारीख मात्र तीच.

पण हे पाच वर्षांच्या आकड्याला लागू पडतं. इथे दहा वर्षांचं ८८ टक्के आहे. फुप्फुसात लीड टाईम इतका लांब नसतो, दोन-चार वर्षं वजा केलीत तरी फायदा उरतोच. आणि ओव्हरडायग्नोसिस, म्हणजे आयुष्यात कधी त्रासच दिला नसता असा कॅन्सर सापडणं, म्हणाल तर तो प्रोस्टेटचा प्रश्न आहे, हा कॅन्सर सोडत नाही. त्याच पेपरात बघा, पहिल्या स्टेजच्या आठ जणांनी उपचार घेतले नाहीत, ते आठही पाच वर्षांत गेले.

आकडेमोड

डॉक्टर, दहा वर्षांचं ८८ टक्के नुसत्या लीड टाईमने येणार नाही हे तुमचं बरोबर आहे. पण बाकी दोन गोष्टींवर मला थांबावंसं वाटतं. एक, हा आकडा प्रत्यक्ष दहा वर्षं मोजून आलेला नाही. बहुतेकांना स्कॅन होऊन तेवढी वर्षं झालीच नव्हती, म्हणून तो अंदाज आहे. दुसरी, त्या आठ जणांना उपचार का मिळाले नाहीत? कॅन्सर पहिल्या स्टेजचा असूनही ऑपरेशन होत नाही ते बहुधा हृदय किंवा फुप्फुसं आधीच थकलेली असतात म्हणून. अशा आठ जणांवरून बाकीच्या चारशे जणांचं काय झालं असतं हे ठरवता येत नाही.

मृण्मयी, तू मेयो लंग प्रोजेक्टचे आकडे फळ्यावर मांड. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात जितकं उघडं दिसतं तितकं दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. अमेरिकेत १९७१ ते १९८३ या काळात झालेली ही चाचणी, सगळे सिगरेट ओढणारे पुरुष. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकेका गटात साधारण ४,६०० जण. एका गटाचा दर चार महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी, सहा वर्षं. दुसऱ्याला फक्त "वर्षातून एकदा तपासून घ्या" असा सल्ला.

तपासलेल्या गटात २०६ कॅन्सर सापडले आणि त्यातले १२२ जण त्या कॅन्सरने गेले. दुसऱ्या गटात १६० सापडले, ११५ गेले.

आता हेच आकडे दोनदा भाग. आधी पेशंटच्या संख्येने भागलं तर तपासलेल्या गटात ५९ टक्के गेले, दुसऱ्यात ७२ टक्के. पेपर लिहायला बसलं तर "स्क्रीनिंगने सर्व्हायव्हल सुधारलं" हे वाक्य इथे तयार आहे, आणि खोटंही नाही. मग गटातल्या सगळ्या माणसांनी भाग. ४,६०० पैकी १२२ आणि ४,६०० पैकी ११५. कुणीही वाचलेलं नाही. सर्व्हायव्हलच्या अपूर्णांकात वरची मरणाची संख्या हललीच नाही, खालची तेवढी ४६ ने फुगली.

आय-एलकॅपमध्ये दुसरा गटच नाही. खालची संख्या किती फुगली हे बघायला तुलनाच नाही, म्हणून मॅडम म्हणतात ते योग्य आहे.

मृण्मयी_पीएसएम

हे लख्ख दिसलं, धन्यवाद. पण हे ४६ जादाचे पेशंट लीड टाईमचेच असतील ना? म्हणजे तपासल्यामुळे लवकर सापडले, दुसऱ्या गटातल्या तशाच लोकांचे कॅन्सर अजून लपलेले आहेत. ओव्हरडायग्नोसिसच आहे हे कशावरून?

आकडेमोड

अगदी हाच प्रश्न विचारायला हवा. उत्तर काळ देतो. लीड टाईम निदान अलीकडे ओढतो, नवं निदान निर्माण करत नाही. तपासणी थांबवली आणि दोन्ही गटांवर नुसती नजर ठेवली, तर लपलेले कॅन्सर दुसऱ्या गटात हळूहळू लक्षणं घेऊन वर यायला हवेत. काही वर्षांत दोन्ही गटांची बेरीज जवळपास सारखी व्हायला हवी. फरक मिटला तर तो लीड टाईम होता. मिटला नाही, तर तपासलेल्या गटात असे काही कॅन्सर सापडले जे एरवी त्या माणसाच्या आयुष्यात कधी वर आलेच नसते.

मेयोच्या लोकांचा १९९९ पर्यंत मागोवा घेतला. तेव्हा आकडे होते ५८५ आणि ५००. फरक मिटला तर नाहीच, वाढला. शिवाय चाचणी चालू असताना ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या कॅन्सरची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. लवकरचे जादा सापडले आणि उशिराचे कमी झाले नाहीत, ही खूण कुठल्याही स्क्रीनिंगच्या पेपरात आधी शोधावी. नुसतं "पहिल्या स्टेजचं प्रमाण वाढलं" याला अर्थ नाही. पहिल्या स्टेजचे नवे पेशंट नुसते ओतले तरी प्रमाण वाढतंच.

शुभदा_क

मी डॉक्टर नाही, पण हे वाचून फार अस्वस्थ झाले. मला काहीही त्रास नव्हता. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये गळ्याची सोनोग्राफी केली, नऊ मिलिमीटरची गाठ निघाली, सुईची तपासणी झाली, पॅपिलरी कॅन्सर. सगळी थायरॉईड काढली. आता जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. सगळे म्हणतात वेळेत सापडलं म्हणून वाचलीस, आणि मीही तसंच मानते. तुमचं म्हणणं असं आहे का, की तपासणी करूच नये?

आकडेमोड

शुभदाताई, तुमच्या गाठीचं पुढे काय झालं असतं हे तुमचे डॉक्टर सांगू शकत नाहीत, मीही नाही. एका माणसाकडे बघून ते कधीच कळत नाही. सापडलेल्या गाठीवर उपचार घेतलेत यात तुमचं काही चुकलेलं नाही.

पण पूर्ण देशाकडे बघितलं की कळतं. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉईड तिच्या यादीत नव्हता, पण थोडे जादा पैसे भरले की सोनोग्राफी व्हायची, आणि लोक ती करून घेऊ लागले. २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचा दर १९९३ च्या पंधरापट झाला. थायरॉईड कॅन्सरने होणारे मृत्यू होते तिथेच राहिले. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवल्यावर ऑपरेशनं झपाट्याने घटली. त्या काळातल्या प्रत्येक पेशंटला आपण वाचलो असंच वाटलं असणार, आणि सर्व्हायव्हल शंभर टक्क्यांच्या जवळ होतंच.

तपासणी करूच नये असं मी म्हणत नाही. ती मोजायची कशी, एवढाच इथला प्रश्न आहे.

बालाघाट_वारा

मग उलट उदाहरणही मृण्मयीने द्यावं, आणि ते आपल्याच मराठवाड्यातलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी झाली, तिचा पेपर २००९ साली आला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका, गावांचे ५२ समूह करून चार गटांत वाटलेल्या. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरने ३४ जणी गेल्या, नेहमीच्या सेवेवर ठेवलेल्या गटात ६४. दोन्ही गट तीस-पस्तीस हजारांचे. सर्व्हायव्हलचा प्रश्नच येत नाही, गटातल्या सगळ्या बायकांमागे मृत्यू मोजले आहेत.

डॉ_सह्याद्री

हे मान्य. पण मेयो एक्स-रेचा आहे, सीटीचा नाही. सीटीची चाचणी तर यशस्वी झाली. एनएलएसटी, २०११, ५३ हजारांवर माणसं. सीटी गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने ३५६ मृत्यू, एक्स-रे गटात ४४३. म्हणजे आय-एलकॅपवाले शेवटी बरोबरच निघाले ना?

आकडेमोड

सीटीने जीव वाचतात हे बरोबर निघालं. ८८ टक्क्यांवरून ते कळलं होतं हे मात्र नाही. मेयोमध्येही सर्व्हायव्हल सुधारलं होतं आणि एकही जीव वाचला नव्हता. दोन्हीकडे सर्व्हायव्हल वर गेलं, मग त्या आकड्याने दोहोंतला फरक सांगितला कुठे?

एनएलएसटीतली पुढची गोष्ट मृण्मयीला उपयोगी पडेल. २०११ च्या निकालात सीटी गटात १,०६० कॅन्सर होते आणि दुसऱ्यात ९४१. त्या ११९ च्या फरकावरून ओव्हरडायग्नोसिस बराच आहे असे अंदाज निघाले. मग साधारण अकरा वर्षांचा मागोवा आला तेव्हा १,७०१ आणि १,६८१. फरक २० वर आला. म्हणजे आधी ज्याला ओव्हरडायग्नोसिस म्हटलं त्यातला मोठा भाग लीड टाईम होता. माझा हा लाडका दाखला आहे, कारण घाईने मोजलं तर चूक उलट दिशेनेही होते.

डॉ_सह्याद्री

पण चाचणी संपल्यावर एक्स-रे गटातल्या लोकांनी बाहेर सीटी करून घेतलेच असतील. मग त्यांच्यातही तसेच निरुपद्रवी कॅन्सर सापडून फरक मिटल्यासारखा दिसेल.

आकडेमोड

हो, ती शंका रास्त आहे, आणि ती पुरती निघालेली नाही. मेयोबद्दलही उलट बाजूने भांडण आहे. दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांनी बाहेर एक्स-रे काढले होते, म्हणून फायदा झाकला गेला असं काही जण म्हणतात. गट पाडतानाच जास्त धोक्याची माणसं एका बाजूला गेली असतील, असंही म्हटलं गेलंय. मला दुसरं म्हणणं तितकं पटत नाही, पण नाकारणंही सोपं नाही.

मृण्मयी_पीएसएम

मग मी असं करते. मेयोचे चार आकडे फळ्यावर, दोन्ही भागाकार सगळ्यांकडून करून घेते. त्यानंतर ५८५ आणि ५००, शेजारी १,७०१ आणि १,६८१. उस्मानाबाद शेवटी घेईन. तिथे एक अडतंय. त्या चाचणीत कॅन्सर होण्याआधीचे बदल सापडले की तिथेच उपचार करत होते ना? मग कॅन्सरची संख्या फुगण्याऐवजी कमी व्हायला हवी. अशा ठिकाणी ओव्हरडायग्नोसिस कुठे शोधायचा, त्या आधीच्या बदलांमध्ये?

बालाघाट_वारा

हो, तिथेच. त्यातले बरेच बदल आपोआप विरतात. किती बायकांवर गरज नसताना उपचार झाले हे मृत्यूच्या तक्त्यात दिसत नाही, कोल्पोस्कोपी आणि उपचारांचे आकडे वेगळे बघावे लागतात. पेपरातला तो तक्ता उघडून बस, अडलं तर इथेच विचार.