नव्या घरी भिक्खूसंघाला निमंत्रण : दानाविषयी मार्गदर्शन हवे आहे

सप्रेम जय भीम, नमो बुद्धाय. नागपूरच्या आमच्या नव्या घरी पाच भन्तेजींना आमंत्रित करून त्रिशरण-पंचशील, मंगलसुत्त, रतनसुत्त व करणीयमेत्तसुत्ताचे परित्राणपठण आणि त्यानंतर भोजनदान करायचे आहे. मध्यान्हानंतर भिक्खू भोजन घेत नसल्याने पठण सकाळी नऊलाच सुरू करण्याचे ठरवले आहे.

अडचण दानाची आहे. प्रत्येक भन्तेजींना चीवर द्यावे, की संघदान म्हणून अष्टपरिष्काराचा एकच संच संपूर्ण संघाला अर्पण करावा? विनयानुसार भिक्खूंनी पैसे स्वीकारायचे नसतात, म्हणून प्रवासखर्चाचे पाकीट विहाराच्या उपासकांकडे सोपवणे मला योग्य वाटते, परंतु घरातील वडीलधाऱ्यांना ते भन्तेजींच्याच हाती द्यायचे आहे. आपल्या विहारात कोणती रीत पाळतात, हे कृपया सांगावे.