ऊन लागल्यावर पन्हं: बीपी आणि शुगरवाल्यांनी प्यावं का?

वऱ्हाडी_सून (अकोला): सासऱ्यांना (वय 68) बीपी आणि शुगर दोन्ही आहे. दुपारी शेतातून आले की घेरी येते, म्हणून सासूबाई मोठा ग्लास पन्हं देतात. गुळाचं आहे, चालतं म्हणतात. खरंच चालतं का?

आंबेवाला_तात्या: बिनधास्त द्या. आमच्या आज्यानं आयुष्यभर पन्हंच प्यायलं. गूळ नैसर्गिक असतो, साखरेसारखा चढत नाही. मिठाऐवजी सैंधव घाला, बीपीलाही काही होत नाही.

निवृत्त_नर्स: तात्या, दोन्ही चूक. गूळ शुगर चढवतोच आणि सैंधव हेही मीठच.
ताई, घरचा हिशोब मांडून बघा. एक वाटी कैरीचा गर, दीड वाटी म्हणजे साधारण 300 ग्रॅम गूळ, सपाट चमचाभर म्हणजे 6 ग्रॅम मीठ, त्याचे आठ ग्लास. ग्लासमागे 37 ग्रॅम गूळ आणि जेमतेम पाऊण ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम मिठाची, त्यामुळे एका ग्लासानं बीपी बिघडणार नाही. लोणचं, पापड जास्त मीठ देतात. अडचण गुळाची आहे. ओआरएसच्या अख्ख्या लिटरात 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे पन्ह्यात गोड फार, मीठ मात्र लिटरमागे ओआरएसच्या आसपासच. 

पुणेकर_७१: मग जिरेपूड, काळं मीठ घातलेलं उत्तरेकडचं पन्हं बरं की! मी तेच पितो, गूळ नावालाच. माझी शुगर मस्त आहे.

निवृत्त_नर्स: शुगरला बरं, पण चमच्याचा हात सैल असेल तर बीपीला नाही. गूळ एक-दोन चमचे, मीठ चिमूटभर आणि पाणी भरपूर, असं ठेवा.

आंबेवाला_तात्या: तेवढ्या गुळात कैरी घशाखाली उतरायची नाही. ते पन्हं नव्हे, शिक्षा! आणि घेरी आलेल्या माणसाला साखर नको कशी म्हणता?

निवृत्त_नर्स: हा मुद्दा मात्र रास्त. घेरी उन्हानंच येते असं नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राबलं तर शुगर उतरूनही येते, तेव्हा गोड लगेच द्यायलाच हवं. म्हणून घेरी आली की आधी ग्लुकोमीटरवर बघा. यंत्र जवळ नसेल तर गोडच द्या. बीपीची लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती आणि ऊन मिळून बीपी उतरू शकतं. ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. अंग तापलंय आणि बडबड असंबद्ध, तर तोंडात काहीही न ओतता सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला, 108 ला फोन करा.

वऱ्हाडी_सून: लघवीची गोळी सकाळी असते. शुगर मात्र घेरीच्या वेळी कधी मोजलीच नाही.

पुणेकर_७१: सत्तरीला आलेल्या माणसाला दुपारी शेतात जायचंच कशाला?

वऱ्हाडी_सून: दादा, ते तुम्हीच येऊन सांगा त्यांना.