मदत हवी आहे: बाबांच्या डीमॅटमधले शेअर विकता येत नाहीत. सस्पेंड की डीलिस्ट?

प्रज्ञा, म्हापसा
बाबांच्या डीमॅटमध्ये एका जुन्या कापड कंपनीचे 400 शेअर आहेत. स्टेटमेंटवर भाव 11.40 दिसतो, पण विकायला गेलं की ऑर्डर रिजेक्ट होते. ब्रोकरकडचा मुलगा म्हणतो कंपनी बंद पडली, भाऊ म्हणतो नुसती सस्पेंड आहे. त्यात काल फोन आला: 3,000 रुपये फी आधी भरा, आम्ही शेअर घेतो. खरं काय ते कुठे कळेल?

शिरीष, फोंडा
सस्पेंड म्हणा की डीलिस्ट म्हणा, एकच. पैसे बुडाले समजायचं.

आनंद, पणजी
शिरीष, भाव मिळत नाही हे खरं, पण दोन्ही एक नाहीत. सस्पेंड म्हणजे यादीत नाव आहे, खरेदी-विक्री थांबवली आहे. बहुतेकदा कंपनीने तिमाही निकाल किंवा शेअरहोल्डिंगचा तपशील वेळेत दिलेला नसतो. अशा वेळी पंधरा दिवसांनंतर सहा महिने आठवड्याच्या पहिल्या व्यवहाराच्या दिवशी विक्री करू देतात. ती खिडकी चुकली की अडकलात. डीलिस्ट म्हणजे यादीतून नावच गेलं.

प्रज्ञाताई, कंपनीच्या नावावरून शोधू नका, नावं बदलतात. स्टेटमेंटवर INE ने सुरू होणारा बारा अक्षरी ISIN आहे, तो घ्या. bseindia.com वर शेअरांच्या यादीत Status मध्ये आधी Suspended, मग Delisted निवडून तो शोधा. एनएसईवरही बघा, एकीकडून काढलेला शेअर दुसरीकडे चालू असू शकतो. मग mca.gov.in वर कंपनीची स्थिती बघा. कंपनी बंद पडली की नाही हे तिथेच कळतं, एक्स्चेंजवर नाही. स्टेटमेंटवरचा 11.40 हा बहुधा शेवटच्या सौद्याचा भाव असेल.

आणि त्या फोनवाल्याला एक पैसा देऊ नका. खरा खरेदीदार आधी फी मागत नाही. शेअर दुसऱ्याच्या खात्यात पाठवायची डीआयएस स्लिप सही करून तर मुळीच देऊ नका.

सुलभाताई, डिचोली
आमच्याकडे तर कागदी सर्टिफिकेटं आहेत, वारलेल्या यजमानांच्या नावावर. ती कुठे विकायची?

आनंद, पणजी
ताई, तुमचा प्रश्न वारसा हक्काचा आहे. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे ट्रान्समिशन, विक्री नंतर. वेगळा धागा काढा, लिहितो.

प्रज्ञा, म्हापसा
सापडलं. बीएसईवर Delisted. नोटीसही मिळाली, कंपल्सरी डीलिस्टिंगची. एमसीएवर मात्र कंपनी Active आहे!

आनंद, पणजी
म्हणजे ब्रोकरकडचा मुलगा चुकला. सक्तीने काढलं असेल तर एक्स्चेंजने नेमलेला व्हॅल्युअर योग्य किंमत ठरवतो आणि त्या किमतीला तुमचे शेअर घेणं प्रमोटरवर बंधनकारक असतं. ती किंमत जाहीर नोटिशीत शोधा, मग प्रमोटर आणि कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा, प्रत एक्स्चेंजला. दाद मिळाली नाही तर एक्स्चेंजकडे आणि सेबीकडे तक्रार. प्रमोटर पैसे देईपर्यंत त्यांचे शेअर गोठलेले राहतात, तेवढाच दबाव.

शिरीष, फोंडा
आणि किंमत शून्य निघाली तर?

आनंद, पणजी
कंपनीचं देणं मालमत्तेपेक्षा जास्त असेल तर निघूही शकते. नोटीस वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. प्रज्ञाताई, आकडा इथे टाका.