मदत हवी आहे: 'मागील भागात' पाहूनच प्रेक्षक गुन्हेगार ओळखतात

शब्दवेल:
सहा भागांची रहस्यमालिका आहे, प्रत्येक भाग साधारण २५ मिनिटांचा. पाचव्या भागाच्या शेवटी कळतं की खून औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरने केलाय. तो आधी फक्त पहिल्या भागात, एकाच प्रसंगात दिसतो. लोक त्याला विसरले असतील म्हणून पाचव्या भागाच्या रिकॅपमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या 'मागील भागात'मध्ये, तो शॉट घातला. आठ जणांना दाखवलं, आठही जणांनी तिथेच ओळखलं. शॉट काढून दुसऱ्या गटाला दाखवलं तर शेवटी निम्मे विचारतात, 'हा कोण?' काय करू? शिवाय या भागाला कोल्ड ओपन, म्हणजे शीर्षकाआधीचा प्रसंग, ठेवावा का?

रातकिडा:
रिकॅप काढूनच टाका. ओटीटीवर लोक सलग बघतात आणि रिकॅप वगळायचं बटणही असतं. त्याऐवजी याच भागातले पुढचे दोन-तीन थरारक क्षण टीझर म्हणून सुरुवातीला लावा.

संकलक:
सलग बघणाऱ्यांपुरतं हे बरोबर आहे. पण चौथा भाग पाहून दहा दिवसांनी परत येणाऱ्याचं काय? टीझर त्याची भूक वाढवेल, आठवण देणार नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

शब्दवेल, प्रेक्षक रिकॅप उत्तरपत्रिकेसारखा वाचतो. तीन भाग गायब असलेला माणूस आज अचानक दाखवलात, म्हणजे आज तो लागणार हे त्याला लगेच कळतं. म्हणून आठवण रिकॅपवर सोडू नका, ती कथेतच द्या. तिसऱ्या किंवा चौथ्या भागात इन्स्पेक्टर त्याच दुकानात डोकेदुखीची गोळी घेतो, बोलणं मयताच्या बायकोबद्दल चालतं आणि कंपाउंडर फक्त सुटे पैसे परत देतो. मग रिकॅपमध्ये हा ताजा प्रसंग वापरा. संवाद बायकोबद्दलचा राहतो, कंपाउंडर चौकटीच्या कडेला राहतो.

रिकॅप ३५ सेकंदांच्या आसपास ठेवा, नऊ-दहा शॉट पुरतात. हा शॉट पहिला किंवा शेवटचा नको, कारण त्याच दोन जागा जास्त लक्षात राहतात. पहिल्या भागातला आणखी एक विसरलेला चेहराही तेवढ्याच लांबीचा घ्या, म्हणजे कंपाउंडर एकटा उठून दिसणार नाही. आणि रिकॅप पाचव्या भागाचं संकलन पक्कं झाल्यावरच कापा, कारण आज काय लागणार आहे त्यावरूनच तो ठरतो. चाचणी अशी घ्या: पहिले चार भाग पाहिलेल्याला फक्त रिकॅप दाखवा आणि 'आज काय होईल?' विचारा. त्याने कंपाउंडरचं नाव घेतलं तर पुन्हा कापा.

कोकणकन्या:
माझे पाककृतीचे व्हिडिओ आहेत. आधी तयार मोदक दाखवावा का? तोही कोल्ड ओपनच ना?

संकलक:
नाही, तो टीझर. चार-पाच सेकंद तयार मोदक, वाफ दिसू दे, बस. कृती तिथे सुरू करू नका.

कोल्ड ओपन म्हणजे शीर्षकाआधी थेट सुरू होणारा प्रसंग, आणि रहस्यकथेत त्याने प्रश्न टाकायचा असतो. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी मालिकेच्या दुसऱ्या पर्वात १३ पैकी चार भाग कृष्णधवल दृश्याने उघडतात. पोहण्याच्या तलावात खेळण्यातलं अस्वल पडलंय आणि रंग फक्त त्याच्या गुलाबीला. पुढे घरासमोर झाकलेली प्रेतं दिसतात, म्हणून प्रेक्षक घरातल्याच कुणाच्या तरी मरणाचा अंदाज बांधत राहतो. खरं कारण विमान अपघात आहे. त्या चार भागांची नावं जोडली तर वाक्य होतं 'सेव्हन थर्टी-सेव्हन डाउन ओव्हर एबीक्यू', म्हणजे ७३७ विमान अल्बुकर्की शहरावर कोसळलं. उत्तर नावांमध्येच होतं. दाखवलेलं सगळं खरं, चुकतो तो आपण लावलेला अर्थ.

तुमच्याकडे क्रम असा ठेवा: रिकॅप, मग कोल्ड ओपन, मग शीर्षक. कोल्ड ओपननंतर रिकॅप लावला तर जमलेला ताण तिथेच सुटतो. सांधाही जमवा. रिकॅपच्या शेवटी मयताची बायको दार लावून घेते, कोल्ड ओपन दारावरच्या थापेने सुरू होतो. रातकिडा म्हणतात तसे पुढचे क्षण पुढे आणू नका. प्रेक्षक त्या क्षणाचीच वाट बघत बसतो आणि तिथपर्यंत कोण जिवंत आहे तेही त्याला कळून चुकतं.

सांजवात:
रोजच्या मराठी मालिकांत 'पुढील भागात' सगळं सांगून टाकतात, तरी लोक दुसऱ्या दिवशी बसतातच की.

संकलक:
बरोबर, कारण तिथे काय होणार यापेक्षा सासू ते ऐकून कशी वागणार यात रस असतो. रहस्यकथेला ती सवलत नाही.

शब्दवेल:
चित्रीकरण संपलंय. दुकानाचा सेट मोडला. इन्स्पेक्टरचा प्रसंग आता शक्य नाही.

संकलक:
मग चौथ्या भागात बायकोच्या टेबलावर दुकानाच्या नावाची कागदी पिशवी, एक तपशीलाचा शॉट. तो कुठल्याही टेबलावर घेता येईल. त्यावर फोनमधला आवाज, 'ताई, गोळ्या आल्यात, पाठवून देऊ का?' त्या नटाचं एका बैठकीचं डबिंग पुरेल. मग रिकॅपमध्ये ही पिशवीच घ्या, चेहरा नको.

रातकिडा:
पण आवाजावरून चेहरा आठवेल? पहिल्या भागात तो कंपाउंडर बोलतो तरी का?

शब्दवेल:
एकच वाक्य आहे, 'सुटे नाहीत का?' आजच काढून ऐकतो. आवाज ओळखू येण्यासारखा नसेल तर अडचण तशीच राहील.