मदत हवी आहे: पहिल्यांदा पाऊण तास उशीर, दुसऱ्यांदा आलीच नाही. तिसऱ्यांदा भेटू का?

काठावरचा

नमस्कार. जरा सविस्तर लिहितो, कारण वेळा महत्त्वाच्या आहेत असं मला वाटतं.

डेटिंग अ‍ॅपवर एका मुलीशी ओळख झाली. तीन आठवडे गप्पा झाल्या, मग भेटायचं ठरलं. पहिली भेट संध्याकाळी ६.३० ची. ६.२५ ला तिचा मेसेज आला, "निघालेच." ६.५० ला, "पाच मिनिटं." आली ७.१५ ला. आल्यावर एकदा सॉरी म्हणाली आणि पुढचे दोन तास इतके छान गेले की उशिराचा विषय मीच काढला नाही.

दुसरी भेट गेल्या शनिवारी ५ वाजता. ४.१० ला तिने लिहिलं, "येतेय ना, नक्की." मी ४.५५ ला पोचलो. ५.१५ ला विचारलं, "कुठे आहेस?" तर सिंगल टिक. ५.३० ला व्हॉट्सअ‍ॅप कॉल केला, रिंग गेलीच नाही. आणखी दोन मेसेज टाकले, तेही सिंगल टिक. ६.४० पर्यंत मी तिथेच बसून होतो. दर दहा मिनिटांनी वाटायचं, आता इतका वेळ थांबलोच आहे तर अजून थोडं थांबू. समोरची खुर्ची दोनदा कुणीतरी मागायला आलं आणि दोन्ही वेळा मी "कुणीतरी येतंय" असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ९.२० ला तिचा मेसेज: "खूप सॉरी, जरा आडवी झाले आणि झोपच लागली. पुन्हा भेटूया ना?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तीन दिवस झाले. मला ती आवडली आहे, हे लपवत नाही. पण उत्तर काय द्यावं आणि पुन्हा भेटावं का, कळत नाहीये.

एकच प्याला नको

ब्लॉक केलं होतं तुम्हाला. सिंगल टिक म्हणजे ब्लॉक. नंतर दुसरा बेत फिसकटला म्हणून अनब्लॉक केलं असणार. सरळ विषय संपवा. आणि आपण अर्ध्या तासाच्या वर कुणासाठीही थांबायचं नाही.

शेवंती२

काठावरचा, मला तुमचं अगदी पटतं. मीही आधी अशीच उशिरा पोचायचे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करून ठेवा, आदल्या रात्री कपडे काढून ठेवा, खूप फरक पडतो. समोरच्या माणसाला आपण नकोसे झालोय असं वाटत असतं हो.

काठावरचा

शेवंतीताई, उशीर मला नाही, तिला झाला. मी वेळेवर होतो. तरी शेवटचं वाक्य माझ्या बाबतीत खरं आहे, तसंच वाटलं.

तिन्हीसांज

आधी टिकांचं बघू, कारण त्यावरून निष्कर्ष काढायची घाई होतेय. सिंगल टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनमधून गेला, तिच्या फोनपर्यंत पोचला नाही, एवढंच. फोन बंद असेल, नेट बंद असेल किंवा ब्लॉक केलं असेल, तिन्हीत चित्र सारखंच दिसतं. पण एक फरक आहे. ब्लॉक असताना पाठवलेले मेसेज अनब्लॉक केल्यावरही पोचत नाहीत. ते कायम सिंगल टिकच राहतात. तुमचे शनिवारचे ते तीन मेसेज आज कसे दिसतात?

काठावरचा

आत्ता बघितलं. तिन्ही मेसेजना डबल टिक आहे, निळी. शनिवारी रात्री ११ ला मी बघितलं तेव्हा सिंगलच होती. रविवारी सकाळी ८ ला डबल झालेली दिसली.

तिन्हीसांज

मग ब्लॉक केलं नव्हतं. तेवढी एक शंका तरी मिटली.

आता दुसरी बाजू. माणूस झोपला तरी फोन झोपत नाही. नेट चालू असेल तर मेसेज पोचतो आणि डबल टिक येते. म्हणजे "झोप लागली" एवढ्याने ५.१५ ते रात्री ११ ची सिंगल टिक समजत नाही. फोनचं चार्जिंग संपलं असेल, नेट बंद करून झोपली असेल, किंवा न येण्याचं ठरवून तिने फोनच बंद केला असेल. यातलं काय झालं ते टिकांवरून कधीच कळणार नाही, त्यामुळे त्यांचा नाद इथेच सोडा. आणि कृपा करून तिला हे पुरावे दाखवत उलटतपासणी करू नका. खरं कारण असेल तर ती दुखावेल आणि खोटं असेल तर पुढच्या वेळी जास्त नीट खोटं बोलेल.

तुमच्या दोन घटना मला वेगवेगळ्या वाटतात आणि त्या एकत्र मोजू नयेत. पहिली उशिराची आहे. उशीर करणारा "पाच मिनिटं" म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास असतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारलं होतं. त्यांचा अंदाज सरासरी सुमारे ३४ दिवसांचा होता, लागले ५५ हून जास्त. सगळं नीट पार पडेल असं धरून आपण वेळ ठरवतो, ही सवय सगळ्यांनाच असते, काहींना फार असते. पहिल्या दिवशी ती सव्वासात का होईना आली, आणि मध्ये दोनदा कळवलं.

दुसरी घटना न कळवण्याची आहे. माझ्या मते वजन तिला द्या, पण झोपेला नाही, झोपेनंतरच्या वेळेला. जाग आल्यावर, कितीही वाजलेले असोत, ज्याला समोरच्याची काळजी असते तो आधी फोन करतो. तुमचे मेसेज सकाळी ८ ला पोचलेले होते आणि उत्तर ९.२० ला आलं. ते का, हे तिला विचारायला हरकत नाही. एकदाच, साध्या शब्दांत.

लेटलतीफा

मी यातली "ती" आहे. म्हणजे तुमची नव्हे, पण अशीच. मला एडीएचडी आहे आणि वेळ हातातून कशी निसटते ते मलाच कळत नाही. "निघाले" लिहिते तेव्हा मी खरंच निघालेली असते, फक्त मनाने. चप्पल घालायला अजून वीस मिनिटं असतात.

म्हणून सांगते, "कुठे आहेस" विचारू नका. त्याचं उत्तर "पोचतेच" असंच येतं. "घरातून बाहेर पडलीस का?" असं विचारा. याला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे. माझा मित्र हे विचारायला लागल्यापासून आमची भांडणं बरीच कमी झाली.

पण एक सांगते, आणि हे माझ्यासारख्यांच्या बाजूने नाही. एकदा मी पूर्णच विसरले होते. लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेबारा. लाजेने इतकी गोठले की फोन करवेना, सकाळी करू म्हटलं. सकाळी अजून अवघड वाटलं. तिन्हीसांज म्हणतात तसा उशिरा मेसेज बेफिकिरीतूनच येतो असं नाही. लाजेतूनही येतो. समोरच्याला मात्र दोन्ही सारखंच लागतं, हे मान्य.

तिन्हीसांज

हे मी लक्षात घेतलं नव्हतं. "काळजी असते तो फोन करतो" हे वाक्य मी जरा जास्तच ठाम लिहिलं.

एकच प्याला नको

ब्लॉकचं माझं चुकलं. पण एक राहिलं. तिने आजवर पैसे मागितलेत का? माझ्या ओळखीच्या एकाला दर भेटीच्या आधी अडचण यायची, तिसऱ्या वेळी हॉस्पिटलच्या नावाने पैसे मागितले. भेट कधी झालीच नाही.

काठावरचा

नाही, कधीच नाही. आणि आम्ही एकदा प्रत्यक्ष भेटलोय.

मी उत्तर लिहून ठेवलंय, बघाल का? "काही हरकत नाही, होतं असं कधीकधी. तुला जमेल तेव्हा भेटू. मी दीड तास थांबलो होतो, पण ठीक आहे."

तिन्हीसांज

हे पाठवू नका. हरकत आहे, म्हणूनच तुम्ही इथे लिहिलंत. "पण ठीक आहे" मध्ये राग लपलाय आणि तो तिला दिसेल. "तुला जमेल तेव्हा" म्हणून तुम्ही ठरवण्याचं सगळं काम तिच्यावर टाकताय, ज्यात ती आधीच कमी पडते.

मी असं लिहीन: "तुझा मेसेज मिळाला. शनिवारी मी ६.४० पर्यंत थांबलो आणि काहीच कळलं नाही याचं वाईट वाटलं, काळजीही वाटली. जाग आल्यावर लगेच का नाही कळवलंस? मला तुला भेटायला आवडेल, पण आधी हे बोलू." बस. ठिकाण, वेळ काही सुचवू नका. उत्तरात काय येतं ते बघा. नेमकं काय झालं ते सांगून ती स्वतः वार आणि वेळ सुचवते, की "अरे सॉरी म्हटलं ना" एवढंच येतं.

भेट ठरलीच तर थांबण्याची मर्यादा घरातून निघण्याआधी ठरवा. तिथे बसल्यावर ठरत नाही, तुम्हीच लिहिलंय तसं दहा-दहा मिनिटं वाढत जातात. मी स्वतः असं करते: पंधरा मिनिटांनी एक मेसेज, उत्तर नाही आलं तर एक साधा फोन, कारण नेट बंद असलं तरी तो लागू शकतो. अर्ध्या तासाला "मी निघतेय, तू ठीक असशील अशी आशा आहे, नंतर बोलू" असं कळवून उठते. ती वाटेत आहे असं कळलं तर मर्यादा वाढवा, पण किती ते तिला सांगा: "६ पर्यंत आहे." आणि भेटीच्या दिवशी सकाळी नक्की करून घ्या.

शेवंती२

माफ करा, आधी मी उलटं वाचलं होतं. पण अर्धा तास मला कमी वाटतो. ट्रॅफिक असतं, माणसं अडकतात. मी तासभर तरी थांबले असते.

तिन्हीसांज

अडकलेला माणूस कळवू शकतो, शेवंतीताई. कळवलं तर तासभरही थांबावं.

लेटलतीफा

मेसेजमधला "का नाही कळवलंस" हा प्रश्न मला दरडावल्यासारखा वाटतो. मी असते तर पुन्हा गप्प झाले असते. "उठल्यावर काय झालं?" असं विचाराल का?

काठावरचा

लेटलतीफा, तुमचा बदल घेतला आणि बाकी तिन्हीसांज यांचं जसंच्या तसं ठेवलं. पाठवलं. दहा मिनिटांत निळी टिक आली आणि आत्ता उत्तर आलंय: "फोन बंद पडला होता. रात्री दोनला जाग आली, चार्जिंगला लावायचीही हिंमत झाली नाही. सगळं फोनवर सांगते, रात्री ९ ला करू?"

एकच प्याला नको

रात्री २ ला हिंमत नाही? मला नाही पटलं.

लेटलतीफा

मला पटलं.

काठावरचा

९ ला फोन घेतो. ९.१५ पर्यंत आला नाही तर झोपतो, सकाळी इथे लिहीन.