प्रतिसाद: हॉटस्पॉट जोडूनही दुसरा फोन यादीत दिसत नाही

> "गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचा मोठा व्हिडिओ अँड्रॉइडवर काढला, भावाकडे आयफोन आहे. गर्दीत नेट चालत नाही, ब्लूटूथने जात नाही. काय करावे?"

आयफोन ब्लूटूथवरून अशा फाइली स्वीकारतच नाही, त्यामुळे तो नाद सोडावा. दोन्ही फोनांवर LocalSend हे मोफत अॅप घरूनच, म्हणजे नेट असतानाच, उतरवून ठेवावे. यात्रेत अँड्रॉइडचे हॉटस्पॉट सुरू करून त्याला आयफोन जोडावा. मोबाइल डेटा बंद ठेवला तरी चालते, कारण फाइल एका फोनमधून थेट दुसऱ्यात जाते.

बहुतेकांचे घोडे अडते ते यापुढे. आयफोनवर अॅप प्रथम उघडताच स्थानिक नेटवर्क वापरण्याची परवानगी मागितली जाते आणि घाईत ती नाकारली, तर दोन्ही फोन शेजारी असूनही एकमेकांना दिसत नाहीत. ती Settings मधील Privacy & Security, मग Local Network येथे जाऊन द्यावी. तरीही नाव दिसले नाही, तर आयफोनच्या वाय-फाय यादीत हॉटस्पॉटच्या नावाशेजारचे (i) दाबावे. तेथे IP Address समोर दिसणारा आयफोनचा पत्ता अँड्रॉइडवरील अॅपमध्ये हाताने भरला की फाइल पाठवता येते. उलट दिशेने पाठवायचे असल्यास Router समोरचा पत्ता घ्यावा, कारण येथे राउटर म्हणजे तुमचा अँड्रॉइडच असतो.

व्हिडिओ पूर्ण पोचेपर्यंत आयफोनचा पडदा चालू आणि अॅप समोर असू द्यावे. मागे गेलेले अॅप आयफोन लवकरच थांबवतो आणि फाइल अर्ध्यावर तुटते.