ईसीजी नॉर्मल, मग थर्ड शिफ्टला छातीत धप्प कसलं होतं?

अंबडचा ऑपरेटर: वय 34, अंबडला सीएनसीवर आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते, फर्स्ट, मग थर्ड, मग सेकंड. थर्डच्या तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून पहाटे चारच्या सुमारास ठोका चुकल्यासारखं होतं आणि मग छातीत एकदम धप्प. घरी येऊन आडवा झालो की परत तेच, आणि काहीतरी वाईट होणार असं उगाच वाटत राहतं. ईसीजी दोनदा नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. मिसेस म्हणते नाईट सोड. नाईटचे पैसे गेले तर फ्लॅटचा हप्ता निघत नाही. हे टेन्शनचं आहे की शिफ्टचं?

सातपूरचा जुना माणूस: मी 27 वर्षं पाळ्या केल्या, आता रिटायर आहे. सुरुवातीला सगळ्यांनाच होतं. शरीर लावून घेतं हळूहळू. आमच्या वेळी छातीत धडधडलं तर पाणी पिऊन परत मशीनवर जायचो, ईसीजी कुणी काढला? डॉक्टर बरोबर बोलले. डोक्यातून काढून टाक.

सिडको मेडिकल: भाऊ, हे अँग्झायटीचंच आहे. प्रोप्रॅनोलॉल दहाची गोळी नाईटला जाताना घ्यायची, धडधड बंद. आमच्याकडून बरेच कंपनीवाले नेतात.

होल्टरताई: 18 वर्षं कार्डिओलॉजीत टेक्निशियन आहे, म्हणून लिहिते. दादा, ईसीजी काढला कधी? माझा अंदाज, सकाळी अकरा-बाराला, आणि तोही फर्स्ट नाहीतर सेकंडच्या आठवड्यात. त्या कागदावर जेमतेम दहा सेकंदांचे ठोके उमटतात. पहाटे चारला येणारं दुखणं सकाळच्या दहा सेकंदांत कसं सापडेल? नॉर्मल म्हणजे त्या दहा सेकंदांत हृदय नीट चाललं होतं, एवढंच.

तुम्ही सांगताय ते बहुतेक एक्टोपिक असावं. त्यात ठोका चुकत नाही, उलट वेळेआधी येतो. घाईत आल्यामुळे तोवर हृदयात रक्त पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका पोकळ जातो, नाडीलाही नीट लागत नाही. मग जरा लांब थांबा पडतो, त्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. तुमचं धप्प ते हे. अपुरी झोप, चहा, तंबाखू, पाणी कमी पिणं, सगळ्यानं हे वाढतं. अंथरुणात जास्त जाणवतं, कारण तिथे मशीनचा आवाज नसतो, आणि डाव्या कुशीवर तर आणखीच.

होल्टर, म्हणजे अंगावर लावून दिवस-रात्र ठोके नोंदवणारं छोटं मशीन, लावून घ्या, पण थर्डच्या तिसऱ्या दिवशी. संध्याकाळी लॅब बंद व्हायच्या आधी लावलं की रात्रीची पाळी आणि नंतरची दिवसाची झोप, दोन्ही 24 तासांत येतात. खिशात छोटी वही ठेवा. काही जाणवलं की मशीनचं बटण दाबायचं, आणि वेळ, काय करत होतो, शेवटचा चहा कधी घेतला, हे लिहायचं.

आणि सिडको मेडिकल, दम्याच्या माणसाला ती गोळी दिली तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. विचारता का आधी? शिवाय ती घेऊन होल्टर लावलं तर जे शोधायचं तेच दबून जातं.

सिडको मेडिकल: विचारतो ताई. सगळ्यांनाच सरसकट देतो असं नाही. पण धडधड थांबते हेही खरं आहे ना?

होल्टरताई: थांबते, पण ती कसली होती ते कळत नाही. भीतीची धडधड चढत जाते आणि उतरत जाते. बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन 160-180 नं पळते आणि तशीच एकदम थांबते, ती वेगळी भानगड. चक्कर येऊन पडणं, जिना चढताना धडधडणं, छातीत दुखणं, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असणं, यातलं एक जरी असेल तर इथे उत्तरांची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

गंगापूर रोडचा खवय्या: माझ्या मते हा गॅस आहे. रात्री दोनला कॅन्टीनमध्ये तेलकट खाल्लं की असंच होतं. ओवा घ्या.

बिटको पॉइंटची सिस्टर: माझी गोष्ट सांगते. महिन्याला आठ नाईट, बारा-बारा तासांच्या. धडधड, हातपाय थरथर, रडू यायचं. सगळे म्हणाले नाईटमुळे. शेवटी हिमोग्लोबिन निघालं 8.1. गोळ्या घेतल्यावर तीन महिन्यांत धडधड निम्म्याहून कमी झाली. म्हणजे नाईट करणाऱ्या माणसाला दुसरं काही होतच नाही असं धरून चालू नका. पण रडू येणं काही पूर्ण गेलं नाही, ते मात्र नाईटचंच होतं.

आणखी एक. मी नाईट संपवून तशीच सकाळी सातला रक्त द्यायला गेले तर थायरॉईडची टीएसएच वाढलेली आली. आमच्या सरांनी गोळी सुरू केली नाही, दिवसपाळीच्या आठवड्यात परत द्यायला लावली, तेव्हा नॉर्मल. टीएसएच रात्री चढते आणि झोपेनं दबते. रात्रभर जागून दिलेल्या रक्तात ती थोडी जास्तच दिसणार. धडधडीसाठी बघायची असते ती खाली गेलेली टीएसएच, वर गेलेली नव्हे.

सातपूरचा जुना माणूस: बघा, हिचं हिमोग्लोबिन निघालं. म्हणजे शिफ्टचा दोष नाहीच. सवय झाली पाहिजे.

होल्टरताई: काका, सवयीचं तुमचं अर्धं बरोबर आहे. शरीराचं घड्याळ सरकतं, पण दिवसाला साधारण तासभर. रात्रभर जागून दिवसा झोपायला त्याला सात-आठ तास सरकावं लागतं. म्हणजे आठवडाभरात कुठे जुळत आलं की पाळी बदलते. त्यातही रोज सकाळी सातला पाथर्डी फाट्यावर डोळ्यांत ऊन घेत घरी येतो माणूस, म्हणजे घड्याळाला रोज सांगतोय की उजाडलं, जागा हो. तुमच्या 27 वर्षांत सवय झाली ती जागं राहायची. घड्याळ किती सरकलं होतं कोण जाणे.

पहाटे चार-पाचला अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं, थंडी वाजते, मन आपोआप पडतं. त्या वेळी धप्प झालं की ते मरणाचंच वाटतं. तेच दुपारी चारला झालं असतं तर लक्षही गेलं नसतं.

सातपूरचा जुना माणूस: पहाटे मन पडतं हे खरं. त्या वेळी आम्ही भजन लावायचो रेडिओवर. पण नाव टेन्शनच ना त्याचं.

सिन्नरचा शिफ्ट इन्चार्ज: कुणी क्रमाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. याचा क्रम फर्स्ट, थर्ड, सेकंड, म्हणजे प्रत्येक वेळी पाळी घड्याळात मागे सरकते. आमच्याकडे एका तज्ज्ञानं सांगितलं, उलटा करा, फर्स्ट, सेकंड, थर्ड, म्हणजे झोप पुढे ढकलायची, आणि ते सोपं जातं. आम्ही केला. फर्स्टवरून सेकंड, सेकंडवरून थर्ड, छान चाललं. पण थर्ड सुटते रविवारी सकाळी सातला आणि फर्स्ट लागते सोमवारी सातला. मधे मोजून 24 तास. कायद्यातही बसत होतं, 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या 57 व्या कलमात रात्रपाळीवाल्याची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासून सलग 24 तासच धरले होते. माणूस रविवारी दिवसभर झोपतो, रात्री टक्क जागा, सोमवारी मशीनवर पेंगतो. सोमवारचं रिजेक्शन बघून शेवटी पोरांनीच जुना क्रम मागितला. त्यात थर्डनंतर सेकंड, सोमवारी दुपारी साडेतीनला. साडेबत्तीस तास मिळतात.

होल्टरताई: पुढे ढकलणं सोपं जातं, कारण माणसाचं आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब चालतं. पण तुमचा सोमवारचा मुद्दा मला सुचला नव्हता. थर्डच्या लोकांना सोमवारऐवजी मंगळवारी बोलावता येणार नाही का?

सिन्नरचा शिफ्ट इन्चार्ज: येईल की. मग सोमवारी त्या मशीनवर कोण? दर टोळीमागे माणसं वाढवून द्या म्हटलं की मीटिंग संपते.

अंबडचा ऑपरेटर: तीन आठवड्यांनी लिहितोय. थर्डच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी होल्टर लावलं. 24 तासांत 98,400 ठोके, त्यात जादाचे 1,130. त्यातले बरेचसे तीन ते सहाच्या मधले आणि घरी आडवं झाल्यावरच्या पहिल्या तासातले. इको नॉर्मल, हिमोग्लोबिन 14.2. डॉक्टर म्हणाले हे प्रमाण साधारण एक टक्का आहे, हृदय चांगलं आहे, दहा टक्क्यांच्या पुढे गेलं असतं तर काळजी केली असती.

गंमत वहीची झाली. मी नऊ वेळा बटण दाबलं. पाच वेळा खरंच जादाचा ठोका होता. चार वेळा काहीच नव्हतं, नुसता नियमित 108 चा वेग. त्या चारपैकी दोन वेळा मी वहीत लिहिलं होतं, "हप्त्याचा मेसेज आला". म्हणजे काकाही बरोबर आणि ताईही.

चहा मोजला तर रात्रीत सहा कप, वर पाचला एनर्जी ड्रिंकचा कॅन. आता अडीचनंतर काही घेत नाही. पहिल्या दोन रात्री डोकं ठणकलं. येताना काळा गॉगल लावतो, पण पेंग असेल तर गाडी तिथेच ठेवून कंपनीच्या बसनं येतो. झोप चार तासांवरून साडेपाचवर आली. धप्प कमी झालं. पहाटे चारची ती भीती मात्र आहे तशीच आहे.

बिटको पॉइंटची सिस्टर: ती भीती दिवसपाळीच्या आठवड्यातही राहिली तर मनोविकारवाल्यांना दाखवा दादा, लाज वाटून घेऊ नका. आणि मी मिसेसच्या बाजूची आहे. एक टक्का आज आहे. तुम्ही 34 चे आहात, अजून 24 वर्षं करणार का?

सातपूरचा जुना माणूस: हप्ता कोण भरणार, सिस्टर भरणार का? बाकी रात्री वीस मिनिटं झोप काढत जा. आम्ही काढायचो, फोरमन डोळे मिटून घ्यायचा.

सिन्नरचा शिफ्ट इन्चार्ज: काका, आता कॅमेरे असतात.

अंबडचा ऑपरेटर: मी आमच्या सायबांना ब्रेकमध्ये वीस मिनिटं आडवं होऊ द्या म्हणून लिहून दिलंय, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. अजून उत्तर नाही. सोमवारपासून परत थर्ड.